आठवडा वाढला, कॅंडल मात्र लाल

2024 चा जून महिना शनिवारी सुरू झाला. त्या संध्याकाळी लोकसभेच्या मतदानाचा शेवटचा टप्पा संपला आणि एक्झिट पोल आले. सोमवारी बाजार उसळला, मंगळवारी मतमोजणी सुरू झाल्यावर कोसळला आणि शुक्रवारपर्यंत पुन्हा वर आला. तीन प्रकारचे चार्ट आणि टाइमफ्रेम हा विषय कुणाला समजावून सांगायचा असला की मी हाच आठवडा पुढ्यात घेतो. एकाच आठवड्यातून वेगवेगळ्या चार्टवर वेगवेगळं काय दिसतं आणि काय हरवतं, ते इथे लख्ख कळतं.

आधी लाइन चार्ट. तो काढायला रोजचा एकच आकडा लागतो, बाजार बंद होतानाचा. निफ्टी 31 मेच्या शुक्रवारी 22,531 च्या आसपास बंद झाला. पुढच्या आठवड्यातले पाच आकडे असे: सोमवारी 23,264, मंगळवारी 21,885, बुधवारी 22,620, गुरुवारी 22,821 आणि शुक्रवारी 23,290. हे ठिपके जोडले की एक खड्डा आणि त्यातून वर येणारी चढण दिसते. चित्र खोटं नाही, पण त्यात दोन गोष्टी नाहीत. मंगळवारी दुपारी निफ्टी 21,281 पर्यंत खाली गेला होता, म्हणजे बंद भावाच्याही सुमारे 600 अंक खाली. रेषेला त्याचा पत्ताच नाही. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. शुक्रवारच्या 22,531 पासून सोमवारच्या 23,264 पर्यंत रेषा तिरकी चढत जाते, जणू मधल्या प्रत्येक भावाला सौदे झाले. प्रत्यक्षात सोमवारी बाजार उघडलाच 23,338 ला. शुक्रवारची संध्याकाळ आणि सोमवारची सकाळ यांच्यामधल्या 800 अंकांत एकही सौदा झालेला नव्हता. जिथे रस्ताच नाही तिथे लाइन चार्ट रस्ता काढून दाखवतो.

तरीही लाइन चार्ट टाकाऊ नाही. पाच-दहा वर्षांचा कल बघायचा असेल किंवा दोन कंपन्या शेजारी ठेवून ताडायच्या असतील, तर डोळ्याला रेषाच सोसते. म्युच्युअल फंडाच्या बाबतीत तर पर्यायच नाही. फंडाची एनएव्ही दिवसाला एकदाच जाहीर होते, तिला उघडणं, चढणं, उतरणं नसतंच, त्यामुळे एनएव्हीची कॅंडल कुणी काढू शकत नाही. ज्याची सगळी गुंतवणूक एसआयपीतून चालते त्याला इथून पुढचं वाचून फक्त कुतूहल भागवता येईल.

बार चार्ट एका आकड्याऐवजी चार आकडे घेतो: उघडता भाव, दिवसातला सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद भाव. वरच्यापासून खालच्या भावापर्यंत एक उभी काडी, डावीकडे उघडत्या भावाची छोटी आडवी रेघ, उजवीकडे बंद भावाची. 4 जूनचा बार काढला तर काडी 23,179 पासून 21,281 पर्यंत येते. डावी रेघ काडीच्या अगदी टोकावर, कारण त्या दिवशी उघडता भाव हाच सर्वांत वरचा भाव होता. उघडल्यानंतर बाजार त्या भावाच्या वर गेलाच नाही. उजवी रेघ तळापासून सुमारे 600 अंक वर. काडी बघितली की दिवस समजतो, पण शंभर काड्या शेजारी आल्या की त्या बारीक रेघा शोधत बसायला डोळ्यांना कष्ट पडतात.

कॅंडल याच चार आकड्यांची, फक्त उघडत्या आणि बंद भावाच्या मधला भाग तिच्यात जाड रंगवलेला असतो. या जाड भागाला सगळे बॉडी म्हणतात आणि वर-खाली राहिलेल्या बारीक रेघेला विक, म्हणजे वात. उघडत्या भावापेक्षा बंद भाव वर असेल तर कॅंडल हिरवी, खाली असेल तर लाल. ही पद्धत जपानी तांदूळ व्यापाऱ्यांकडून आली. तिच्याशी 18 व्या शतकातल्या होम्मा मुनेहिसा या व्यापाऱ्याचं नाव जोडलं जातं. जगभर ती पोचायला मात्र बराच काळ गेला. स्टीव्ह निसन या अमेरिकन लेखकाचं इंग्रजी पुस्तक 1991 मध्ये आलं आणि त्यानंतर कॅंडल सगळीकडे दिसू लागल्या.

आता त्याच आठवड्याची एकच कॅंडल काढू. ॲपवर वरच्या पट्टीत 1D च्या जागी 1W निवडलं की पाच दिवसांची मिळून एक कॅंडल होते. तिचा उघडता भाव सोमवारचा, 23,338. बंद भाव शुक्रवारचा, 23,290. म्हणजे बॉडी जेमतेम 48 अंकांची, वर वात जवळपास नाहीच आणि खाली 2,000 अंकांची लांबलचक वात. रंग लाल. बघणारा म्हणेल, आठवडा पडला. पण आधीच्या शुक्रवारी निफ्टी 22,531 वर होता, या शुक्रवारी 23,290 वर. आठवडाभरात तो 760 अंकांनी वाढलेला आहे. कॅंडलचा रंग कालच्या किंवा गेल्या आठवड्याच्या बंद भावाशी काही बोलत नाही, तो फक्त स्वतःच्या उघडण्याशी तुलना करतो. सोमवारची ती मोठी उडी बॉडीत मोजलीच जात नाही, ती दोन कॅंडलच्या मधल्या मोकळ्या जागेत राहते. नव्या माणसाला मी सांगतो की रंग बघण्याआधी ही मोकळी जागा बघ.

कॅंडल आणखी एक गोष्ट सांगत नाही: आधी काय झालं आणि नंतर काय. 2,000 अंकांची वात दिसते, पण तळ सोमवारी गाठला की गुरुवारी, हे तिच्यात लिहिलेलं नसतं. ते कळायला एक पायरी खाली उतरून दिवसाच्या कॅंडल बघाव्या लागतात, आणि मंगळवारी नेमकं कधी, ते कळायला पंधरा मिनिटांच्या. त्यामुळे टाइमफ्रेम निवडणं म्हणजे आपल्याला किती तपशील हवा ते ठरवणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. तपशील किती हवा हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न हा, की कॅंडल पूर्ण होते तेव्हा तुम्ही कुठे असता.

कॅंडल तिची वेळ भरेपर्यंत पक्की नसते. दुपारी अडीचला बघितलेली दिवसाची हिरवीगार कॅंडल साडेतीनला लाल झालेली असू शकते; 4 जूनच्या कॅंडलकडे कुणी तळाच्या वेळी बघितलं असतं तर तिला खालची वात दिसलीच नसती, नुसती प्रचंड लाल बॉडी दिसली असती. त्यात दिवसाच्या कॅंडलची एक बारीक खोचही आहे. आजवरच्या रूढ पद्धतीत एनएसईवर शेअरचा बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे, तर शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी असते, ज्या भावाला जास्त शेअर विकले गेले त्याला जास्त वजन देऊन काढलेली. त्यामुळे साडेतीनला स्क्रीनवर दिसणारा आकडा आणि नंतर 1D वर पक्का होणारा आकडा यांत थोडा फरक पडतो. माझ्या सवयीप्रमाणे मी दिवसाच्या कॅंडलवर चारच्या आत काही ठरवत नाही.

आपला शेअर बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, म्हणजे 375 मिनिटं. त्यात पाच मिनिटांच्या 75 कॅंडल होतात, पंधरा मिनिटांच्या 25. तासाच्या कॅंडलचा हिशेब मात्र बसत नाही. 9:15 ते 10:15 अशा सहा कॅंडल झाल्या की शेवटची 3:15 ते 3:30 ही पंधराच मिनिटांची उरते, आणि चार्टवर ती बाकीच्या तासांच्या बरोबरीनं उभी असते. तिची बॉडी लहान दिसली की ‘खरेदी थंडावली’ असा अर्थ लोक काढतात, पण तिला वेळच पाव मिळालेला असतो. म्हणून आपल्याकडचे बरेच ट्रेडर तासाऐवजी 75 मिनिटांची कॅंडल लावतात. 375 ला 75 नं नेमका पाचाचा भाग जातो. या कॅंडल 10:30, 11:45, 1:00, 2:15 आणि 3:30 ला बंद होतात.

माझा मावसभाऊ भोसरीतल्या एका कारखान्यात मशिनवर आहे. तीन पाळ्या आठवड्याआड फिरतात: पहिली सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सकाळी सात. आत फोन नेता येत नाही, गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दोन वर्षांपूर्वी कुणाचे तरी व्हिडिओ बघून त्यानं पंधरा मिनिटांच्या चार्टवर इंट्राडे सुरू केलं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो सकाळी मोकळा असायचा, तेव्हा सौदे करायचा. तीन महिन्यांनी तो वही घेऊन माझ्याकडे आला. सौदे नीट लिहिले होते, तोटा का होतो ते मात्र कळत नव्हतं.

आम्ही वहीच्या समासात त्याच्या पाळ्या लिहिल्या आणि कारण समोर आलं. दुसऱ्या पाळीला जायला तो अडीचला घर सोडायचा. म्हणजे दिवसाच्या पंचवीस कॅंडलपैकी पहिल्या एकवीस त्याला दिसायच्या, आणि शेवटच्या चार, ज्यात इंट्राडेचे सौदे मिटवावे लागतात, त्या कधीच दिसायच्या नाहीत. घाईनं बसमध्ये विकलेले सौदे आणि ब्रोकरच्या यंत्रणेनं सव्वातीननंतर आपोआप मिटवलेले सौदे, तोट्याचा मोठा भाग या दोनच प्रकारांत होता. शिवाय पहिल्या पाळीच्या आठवड्यात बाजार दिसायचाच नाही आणि तिसऱ्या पाळीत तो सव्वानऊला नुकता झोपलेला असायचा. तीन आठवड्यांतून एक आठवडा, तोही अर्धवट. एवढ्यावर हाताला सवय लागत नाही, आणि आपली पद्धत बरी की वाईट हे तपासण्याइतके सारख्या परिस्थितीतले सौदेही जमत नाहीत.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. प्रत्येक पाळीत शांतपणे बसता येईल अशी अर्ध्या तासाची वेळ लिहिली. पहिल्या पाळीत संध्याकाळी साडेपाच. दुसऱ्या पाळीत सकाळी आठ. तिसऱ्या पाळीत झोप झाल्यावर संध्याकाळी पाच. या तिन्ही वेळांना कोणती कॅंडल पूर्ण झालेली असते आणि पुढचा बाजार अजून उघडलेला नसतो? फक्त दिवसाची. आठवड्याची कॅंडल त्याहून सोयीची, ती शुक्रवारी दुपारी पक्की होते आणि सोमवारी सव्वानऊपर्यंत तशीच राहते. त्यानं शनिवारी आठवड्याच्या कॅंडलवर शेअर निवडायचा आणि रोज दिवसाच्या कॅंडलवर घ्यायचा की नाही ते बघायचं, असं ठरलं. घेतलेला शेअर डिलिव्हरीत, म्हणजे त्याच दिवशी विकण्याचं बंधन नाही. ऑर्डर बाजार बंद असतानाच टाकून ठेवायची. ब्रोकर ही सोय देतात.

हाच हिशेब दुसऱ्या कुणासाठी वेगळं उत्तर देईल. ज्याची जेवणाची सुट्टी रोज एकला होते त्याला 75 मिनिटांची एक कॅंडल नेमकी हाती लागते, पण पाचांतली एकच; साडेदहाला मिळालेला इशारा तो एकला वाचणार. शाळेत शिकवणारीला दिवसाचाच चार्ट बरा. दुबईत आपला बाजार सकाळी 7:45 ते दुपारी 2 असतो. न्यू जर्सीतल्या मराठी माणसासाठी उन्हाळ्यात तो रात्री 11:45 ला उघडून सकाळी सहाला बंद होतो, म्हणजे उठल्यावर दिवसाची ताजी कॅंडल तयार. उलट इथे बसून अमेरिकी शेअर बघणाऱ्याला तिथला बाजार उन्हाळ्यात संध्याकाळी सात ते रात्री दीड दिसतो. नोकरी सांभाळून ते जमतं म्हणून खूप जण तिकडे वळतात, पण दीडपर्यंत जागून सकाळी सातची लोकल धरणारा माणूस महिनाभरानंतर कोणत्याही टाइमफ्रेमवर नीट निर्णय घेऊ शकेल, असं मला वाटत नाही.

टाइमफ्रेम बदलली की पैशाचा हिशेबही बदलतो, आणि इथे चूक हमखास होते. समजा एक शेअर 412 रुपयांना आहे. दिवसाच्या चार्टवर अलीकडच्या तळाची वात 397 पर्यंत गेली आहे, म्हणून स्टॉपलॉस 396 ला. शेअरमागे जोखीम 16 रुपये. भावानं एका सौद्यात 2,000 रुपयांहून जास्त तोटा सोसायचा नाही असं ठरवलं होतं. 2,000 ला 16 नं भागलं की 125 शेअर येतात, रक्कम 51,500. पंधरा मिनिटांच्या चार्टवर त्याच शेअरचा जवळचा तळ 409 ला असेल, तर जोखीम फक्त 3 रुपये आणि त्याच 2,000 रुपयांत 666 शेअर बसतात, पावणेतीन लाखांचे. ब्रोकरच्या मार्जिनवर इंट्राडेत तेही घेता येतात, म्हणून छोटा चार्ट स्वस्त वाटतो. पण तीन रुपये इकडेतिकडे हा त्या शेअरचा रोजचा श्वास आहे. स्क्रीनसमोर बसलेला माणूस त्यातून सावरून घेईल, लॉकरमध्ये फोन ठेवलेला नाही.

याहून घातक म्हणजे दोन घड्याळं मिसळणं. सौदा दिवसाच्या कॅंडलवर घ्यायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून पाच मिनिटांच्या चार्टवर तो निरखायचा. तिथली प्रत्येक लाल कॅंडल बघून छातीत धस्स होतं आणि 396 चा स्टॉपलॉस असलेला शेअर माणूस 407 ला विकून मोकळा होतो. भावाच्या नव्या वहीतले पहिले दोन तोटे असेच झाले, दोन्ही रजेच्या दिवशी. त्यानंतर त्यानं ॲपमधून 1D आणि 1W सोडून बाकीच्या टाइमफ्रेम आवडत्यांच्या पट्टीतून काढून टाकल्या.

सौद्यांची संख्याही आपोआप घटली. पूर्वी आठवड्याला पंधरा-वीस, आता महिन्याला तीन-चार. सेबीनं जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2022-23 या वर्षी शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्या दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाल्याचं दिसलं होतं, आणि वर्षाला 500 हून जास्त सौदे करणाऱ्यांत तोट्यातल्यांचं प्रमाण 80 टक्क्यांवर गेलं होतं. दिवसाचा चार्ट लावला म्हणून नफा होतो असं यातून निघत नाही. माझ्या भावाचाही हिशेब सध्या बरोबरीच्या आसपास आहे.

मोठ्या टाइमफ्रेमची किंमत रात्री मोजावी लागते. तोच 412 चा शेअर, 396 ला स्टॉपलॉस, आणि रात्री कंपनीबद्दल वाईट बातमी आली. सकाळी शेअर थेट 384 ला उघडला. 396 हा भाव मध्ये कुठे आलाच नाही, जसे त्या जूनच्या सोमवारी निफ्टीचे मधले 800 अंक आले नव्हते. तोटा शेअरमागे 28 रुपये, 125 शेअरचे 3,500. ठरवलेल्या 2,000 पेक्षा दीड हजार जास्त, आणि ते कोणत्याही ऑर्डरनं टळले नसते.

पण त्याहून वाईट होऊ शकतं, आणि ते मात्र टाळता येतं. कामावर असणारे बहुतेक जण ब्रोकरकडे GTT लावून ठेवतात. ठरलेल्या भावाला शेअर आला की विक्रीची ऑर्डर आपोआप बाजारात जाते. तिच्यात दोन आकडे भरावे लागतात, ऑर्डर जागी होण्याचा भाव आणि कमीत कमी विकण्याचा भाव. भावानं एकदा पहिला 396 आणि दुसरा 395 भरला होता. शेअर 384 ला उघडला असता तर ऑर्डर जागी झाली असती, पण 395 च्या खाली विकायची तिला परवानगीच नव्हती. ती दिवसभर तशीच पडून राहिली असती, साडेतीनला रद्द झाली असती, आणि पाळी संपवून लॉकर उघडेपर्यंत त्याला वाटत राहिलं असतं की शेअर विकला गेला. आता तो दुसरा आकडा बराच खाली, 375 च्या आसपास भरतो. याचा अर्थ 375 ला विकलं जाईल असा नाही. बाजारात जो भाव चालू असेल तोच मिळतो, फक्त दार उघडं राहतं.

या आठवड्यात त्याची तिसरी पाळी आहे. काल संध्याकाळी पाचला उठून त्यानं मला एका चार्टचा फोटो पाठवला, दिवसाची कॅंडल, लहान बॉडी, खाली लांब वात. खाली लिहिलं होतं, ‘घेऊ का?’ मी विचारलं, आठवड्याची काय म्हणते? उत्तर आलं, ‘अजून पूर्ण व्हायची आहे, शुक्रवारी बघतो.’